पाणी सोडलं आणि पाणी पोचलं यात फरक आहे साहेब

प्रति,
मा. आयुक्त साहेब, आपली महानगरपालिका
आणि मा. कार्यकारी अभियंता साहेब, पाणीपुरवठा विभाग

सप्रेम नमस्कार,

मी टाकीच्या वरच्या अंगाला जी शेवटची गल्ली आहे तिथे राहते. 38 घरं, साधारण 170 माणसं. मी घरी शिवणकाम करते, नवरा कंपनीत आहे, दोन मुलं, आणि सासूबाईंचं मागच्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालंय म्हणजे त्यांना बादली तर सोडाच तांब्या पण उचलायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. एवढी ओळख पुरे. ऑफिसचं आणि शहराचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाहीये, तुमच्याकडे हाच मजकूर सहीनिशी, ग्राहक क्रमांकासकट आवक शिक्का मारून पोचलेला आहे, त्यामुळे तुम्हाला कळायला काही अडचण नाही. हे उघडं लिहायचं कारण असं की मागच्या आठवड्यात माझी चौथी तक्रार "निकाली काढण्यात आली" असा मेसेज आला, आणि त्या दिवशी सुद्धा नळाला पाणी नव्हतं. मेसेज बघून मी नळ परत सोडून बघितला, म्हटलं खरंच आलं असेल तर, पण नाही.

आमच्याकडे दिवसाआड पाणी, सकाळी 6 ते 7:30. दिवसाआड का, रोज का नाही, हा माझा आजचा विषयच नाही. धरणात किती आहे, शहर किती वाढलंय हे मला पण दिसतं. दिवसाआड म्हणालात तर दिवसाआड, आम्ही टाक्या घेतल्या, ड्रम घेतले, सवय करून घेतली. माझी तक्रार एवढीच आहे की जे तुम्ही स्वतः कबूल केलंय ते दीड तास पाणी पण येत नाही आणि तुमच्या कागदावर मात्र दरवेळी आलेलं असतं.

पहिल्या तीन तक्रारींचं काय झालं ते आधी सांगते, कारण त्यात माझी पण चूक होती आणि ती चूक सगळेच करतात.

पहिली तक्रार हेल्पलाईनवर, फोन करून. "पाणी येत नाही हो चार दिवस झाले." त्यांनी नंबर दिला, दुसऱ्या दिवशी निकाली. दुसरी लेखी होती, वहीच्या पानावर, गल्लीतल्या 22 जणांच्या सह्या घेऊन, त्यात आम्ही सगळंच लिहिलं होतं, पाणी कमी येतं, गढूळ येतं, रस्ता खणून ठेवलाय, दिवे बंद आहेत, नगरसेवक फिरकत नाहीत, असं सगळं एकाच पत्रात. ते पत्र खिडकीवर दिलं आणि घरी आलो, पोच घ्यायची असते हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. महिन्याने विचारायला गेले तर कुठल्या टेबलावर आहे तेच कुणाला माहीत नाही, कारण चार विभागांचं काम एका कागदात असेल तर तो कागद कुणाचाच नसतो. तिसरी ऑनलाईन टाकली, फक्त पाण्याची. तिला उत्तर आलं, आणि ते उत्तर मी पाठ केलंय: "सदर भागात नियोजित वेळेनुसार पाणीपुरवठा करण्यात येत आहे. तक्रार निकाली."

मला आधी खूप राग आला, वाटलं सरळ खोटं लिहिलंय. मग आमच्याकडे चावी फिरवायला येतो त्या वॉलमनदादाला मी थांबवून विचारलं. तो म्हणाला, "ताई, मी सहाला व्हॉल्व खोलतो, साडेसातला बंद करतो, रजिस्टरला लिहितो. खोटं नाही लिहीत. पण टाकीच भरली नसेल तर मी नुसती चावी फिरवून काय करू?" तो कंत्राटी माणूस आहे, त्याच्यावर माझा काही आरोप नाही, त्याच्यावर कारवाई झाली तर मला वाईट वाटेल, हे आधीच लिहून ठेवते. पण त्याच्या एका वाक्याने मला सगळं कळलं. तुमच्या रजिस्टरमध्ये पाणी सोडल्याची नोंद आहे. पोचल्याची नोंद कुठेच नाही. आणि माझी तक्रार पोचण्याची आहे, म्हणून ती सोडण्याच्या नोंदीवर दरवेळी निकाली निघते.

मग मी 1 जानेवारीपासून वही घातली. आधीच सांगते, मी बारावीपर्यंत शिकलेली आहे, इंजिनिअर नाही, जे केलंय ते कुठलीही बाई घरी करू शकेल असंच आहे. पाण्याच्या दिवशी नळ किती वाजता सुरू झाला, किती वाजता बंद झाला, आणि 15 लिटरची बादली भरायला किती सेकंद लागले, मोबाईलवर टायमर लावून. इतकंच लिहायचं, न आलं तर "नाही" लिहायचं. बादली सुरू झाल्याबरोबर मोजायची नाही, दहा मिनिटं जाऊ द्यायची, कारण सुरुवातीला हवा असते आणि आकडा चुकतो.

31 मार्चपर्यंत 90 दिवस झाले, म्हणजे पाण्याचे 45 दिवस. त्यातले 17 दिवस नीट पाणी, म्हणजे तासाभराच्या वर. 16 दिवस अर्ध्या तासाच्या आत आलं आणि गेलं. 12 दिवस आलंच नाही.

आता हे अर्धा तास वगैरे ऐकायला ठीक वाटतं, थोडं तरी आलं ना, म्हणून बादलीचा हिशोब सांगते. चांगल्या दिवशी 15 लिटरची बादली 50 सेकंदात भरते, म्हणजे मिनिटाला 18 लिटर, दीड तासाला 1,620 लिटर. आम्ही पाच माणसं. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा मॅन्युअलमध्ये भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी रोज 135 लिटर धरलेत, आमच्याकडे गटार आहे, म्हणजे पाच जणांना दोन दिवसांचे 1,350 लिटर. चांगल्या दिवशी आम्हाला त्याहून जास्त मिळतं, मला हे मान्य आहे आणि त्या दिवशी माझी काहीच तक्रार नाही. पण वाईट दिवशी तीच बादली भरायला 4 मिनिटं 10 सेकंद लागतात. मिनिटाला साडेतीन लिटरच्या आसपास. असं 25 मिनिटं आलं तर झाले 90 लिटर. पाच माणसांना दोन दिवस, म्हणजे माणशी रोज 9 लिटर. त्यात पिणं, स्वयंपाक, आणि सासूबाईंचं सगळं अंथरुणाजवळचं. त्या दिवशी तुमच्या रजिस्टरला 6:00 ते 7:30 असंच लिहिलेलं असतं.

प्रेशरचं पण बघितलं. नळाला दोन रुपये फुटाची पारदर्शक नळी क्लिपने घट्ट बसवली आणि तिचं दुसरं टोक वर धरलं, नळीत पाणी जिथपर्यंत चढून थांबतं तेवढं प्रेशर. चांगल्या दिवशी ते आमच्या गच्चीच्या कठड्यावरून बाहेर पडलं. वाईट दिवशी साडेचार फुटावर थांबलं, माझ्या छातीपर्यंत. 1999 च्या मॅन्युअलमध्ये एकमजली घरासाठी 7 मीटर आणि दुमजलीसाठी 12 मीटर प्रेशर राहिलं पाहिजे असं होतं, 7 मीटर म्हणजे जवळपास 23 फूट. आमचा नळ अंगणात जमिनीपासून एक फुटावर आहे म्हणून निदान ठिबकतं तरी, शेजारच्या काकूंचा ओट्यावर आहे, त्यांना काहीच येत नाही, आणि मग आमच्यात भांडणं लागतात की तू मोटर लावतेस म्हणून. आमच्या घराला मोटर नाही. पण गल्लीत आणि खालच्या भागात लाईनला डायरेक्ट मोटर लावणारे आहेत हे मी लपवणार नाही, त्याबद्दल पुढे मागणी केलीच आहे.

फेब्रुवारीपासून वहीत अजून एक रकाना घातला. टाकीच्या बाहेरच्या भिंतीवर लेव्हलची पट्टी रंगवलेली आहे, तिच्यावर काटा खाली-वर होतो, आत तरंगता गोळा आहे त्याला जोडलेला. टाकी भरली की काटा तळाशी येतो आणि रिकामी झाली की वर, म्हणून आकडे उलटे रंगवलेले आहेत, हे समजायला मलाच दोन दिवस लागले. नवरा पहाटे 5:40 ला कंपनीच्या बससाठी तिथून जातो, त्याला म्हटलं रोज पट्टीचा फोटो काढून पाठवत जा. त्याची सुट्टी आणि बाकी खाडे सोडून 24 पाण्याच्या दिवसांचे फोटो जमले.

त्या 24 मध्ये 9 दिवस टाकीत 3 मीटरच्या वर पाणी होतं, त्यातल्या 8 दिवशी आम्हाला नीट पाणी आलं. 8 दिवस 2 मीटरच्या खाली होतं, त्यातला एकही दिवस नीट पाणी आलेलं नाही, एकही नाही. मधले 7 दिवस कधी आलं कधी नाही. म्हणजे पहाटे पावणेसहाला त्या पट्टीकडे नुसतं बघून आज शेवटच्या गल्लीला पाणी पोचणार की नाही हे माझा नवरा बसमध्ये बसायच्या आधी सांगू शकतो. मग विभागाला ते का कळू नये?

कारण पण साधं आहे. टाकीवर "क्षमता 10 लक्ष लिटर" लिहिलंय, पट्टी साडेचार मीटरची आहे, म्हणजे एका मीटरला सव्वादोन लाखाच्या आसपास. आमच्या आधी पहाटे 4 ते 6 खालच्या दोन भागांना सोडतात. रात्री टाकी पूर्ण भरली असेल तर त्यांचं भागून आम्हाला उरतं. रात्री भरलीच नसेल तर सहाला आमचा व्हॉल्व खोलतात तेव्हा दीड मीटर पाणी असतं, म्हणजे सव्वातीन लाख लिटर, आणि आमच्याच लाईनवर आमच्या अलीकडे सहा गल्ल्या आहेत, त्या सखल आहेत, तिथे आधी रिकामा पाईप भरतो मग त्यांच्या टाक्या भरतात मग मोटरी ओढतात. आम्ही चढावर आणि टोकाला. पाणी पायरीवरून वर यायला जेवढा जोर लागतो तेवढा उरतच नाही आणि साडेसात वाजतात.

एक दिवस मात्र वेगळा होता, 9 पैकी तो नववा. काटा साडेतीन मीटर दाखवत होता आणि तरी आमच्याकडे ठणठणाट. त्या दिवशी नळ सोडला तर पाणी नाही पण फुस्स फुस्स हवा येत होती, मग थोडं पाणी, परत हवा. आदल्या दिवशी चौकात लाईन फुटलेली दुरुस्त केली होती. पाईप रिकामा झाला की त्यात हवा भरते, आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी चढ संपतो तिथे ती अडकून बसते. तिथे एअर व्हॉल्व आहे, त्याच्या चेंबरवर डांबर ओतलंय. वॉलमनदादाने जागा दाखवली, म्हणाला रस्ता केला तेव्हापासून उघडलेलं नाही. म्हणजे दोन वेगळे रोग आहेत, एक टाकी न भरण्याचा आणि एक हवेचा, आणि दोन्ही नळावरच ओळखता येतात: टाकीचा असेल तर नळ गप्प असतो किंवा बारीक धार येते, हवेचा असेल तर नळ फुसफुसतो. तुमच्या तक्रार ॲपमध्ये मात्र "पाणी येत नाही" एवढा एकच पर्याय आहे.

मग टाकी रात्री का भरत नाही? यासाठी मी 3 मार्चला माहिती अधिकाराचा अर्ज दिला. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, आणि आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे 150 शब्दांच्या आत. "पाणी का येत नाही" असं विचारलं नाही, कारण का हा प्रश्न माहितीत बसत नाही, त्यावर उत्तर येतं की अशी माहिती संकलित नाही. मी कागद बघायला मागितले, टाकीचं रजिस्टर आणि पंपिंग स्टेशनचं रजिस्टर, फेब्रुवारी आणि मार्चचं. कायद्यात कागदपत्रांची पाहणी करायचा हक्क आहे. तुमच्या जनमाहिती अधिकाऱ्यांनी 30 दिवसांच्या आत बोलावलं, नीट बसायला खुर्ची दिली, रजिस्टरं समोर ठेवली, त्याबद्दल मनापासून आभार मानते, ते सोडून देण्यासारखं नाही.

टाकीच्या रजिस्टरमध्ये आमच्या पाण्याच्या दर दिवशी 6:00 ते 7:30. लेव्हलचा रकाना छापलेला आहे, "सुरुवातीची पातळी" आणि "अखेरची पातळी" असे दोन, आणि दोन्ही महिने दोन्ही रिकामे. पंपिंगच्या रजिस्टरमध्ये मात्र त्या ऑपरेटरने प्रामाणिकपणे लिहिलंय, अमुक रात्री लाईट गेली, अमुक वेळ पंप बंद, अमुक वाजता सुरू. त्या दोन महिन्यांत आमच्याकडे अजिबात पाणी न आलेले 8 दिवस आहेत. त्यातल्या 6 दिवसांच्या आदल्या रात्री पंप दोन तासांच्या वर बंद होता असं त्या रजिस्टरमध्येच आहे.

म्हणजे साहेब, उत्तर तुमच्याकडेच होतं. फक्त ती दोन रजिस्टरं दोन वेगळ्या बिल्डिंगमध्ये असतात आणि एक जण दुसऱ्याला फोन करत नाही. रात्री 2 ला पंप बंद पडला हे 2 वाजताच माहीत असतं, पहाटे 4 ला खालच्या भागाला पूर्ण दोन तास न सोडता सव्वा तास सोडलं असतं तर सगळ्यांना थोडं थोडं मिळालं असतं. तसं न करता वेळापत्रक जसंच्या तसं चालवलं जातं आणि लाईट गेल्याचा सगळा तोटा दरवेळी एकाच टोकाला बसतो. लाईट जाणं तुमच्या हातात नसेल, मी समजू शकते. तुटवडा कुणी सोसायचा हे मात्र तुमच्याच हातात आहे, आणि तीन महिने ते आम्हीच सोसतोय.

आणि हे फक्त कमी पाण्याचं नाही. पाईप रिकामा राहिला की आजूबाजूचं गटाराचं पाणी जॉइंटमधून आत खेचलं जातं, पुढच्या वेळी पहिलं पाणी पिवळट येतं ते म्हणून. मी आरोग्य सेविका ताईंना सांगून दोनदा ओटी टेस्ट करून घेतली, दोन्ही वेळा आदल्या खेपेला पाणी आलेलं नव्हतं असा दिवस निवडला. थेंब टाकल्यावर पिवळा रंग यायला पाहिजे, आला नाही, म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लकच नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन पाहिजे असं आहे. आम्ही उकळून पितो, पण गॅसचा भाव तुम्हाला पण माहीत आहे.

पैशाचं एकदाच सांगते. मीटर नाहीत, पाणीपट्टी ठोक आहे, ती मी मार्चमध्येच पूर्ण भरली, पावती आहे. तीन महिन्यांत टँकरच्या वाट्याचे आणि जारचे माझ्या घराचे 4,140 रुपये गेले, वहीत तारखेसकट आहेत. ज्यांच्याकडे हे पैसे नाहीत अशी पण घरं गल्लीत आहेत, ती खालच्या मंदिराच्या बोअरवरून आणतात, आणि आणतं कोण तर मुली आणि बायका, सहावीतली पोरगी दोन कळशा घेऊन तो चढ चढते हे मी रोज खिडकीतून बघते मशीनवर बसल्या बसल्या. मला हे बघवत नाही, म्हणून एवढं लिहितेय.

यावेळी जो अर्ज दिलाय त्याचा मूळ भाग खाली देतेय. गल्लीतल्या वकील काकांनी भाषा तपासून दिली. दुसऱ्या कुणाला उपयोगी पडला तर आपले आकडे घालून खुशाल वापरा. दोन प्रती करा, एका प्रतीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि पत्र माणसाच्या नावाने नको, पदाच्या नावाने लिहा, कारण साहेबांची बदली झाली तरी पद तिथेच असतं.

*विषय: वितरण वाहिनीच्या शेवटच्या टोकास होणारा खंडित व अपुरा पाणीपुरवठा, दि. 1 जानेवारी ते 31 मार्च.*

*संदर्भ: यापूर्वीच्या चार तक्रारी (उपलब्ध क्रमांक व दिनांक सोबत जोडले आहेत).*

*महोदय, वरील कालावधीतील पाणीपुरवठ्याच्या 45 दिवसांपैकी 12 दिवस पुरवठा झाला नाही व 16 दिवस 30 मिनिटांपेक्षा कमी झाला. दिनांकनिहाय तक्ता, प्रवाहाची मोजणी व टाकीच्या पातळीची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. टाकीची पातळी 2 मीटरपेक्षा कमी असताना पुरवठा सुरू केलेल्या, नोंद उपलब्ध असलेल्या सर्व 8 दिवशी पाणी शेवटच्या टोकास पुरेसे पोहोचलेले नाही. पुरेसा पाणीपुरवठा करणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 63 नुसार महानगरपालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. तरी व्हॉल्व उघडल्याची नोंद हा तक्रारीचा निपटारा न मानता शेवटच्या नळावर प्रत्यक्ष मोजणी करून कार्यवाही करावी व लेखी कळवावे, ही विनंती.*

अर्जात बाकी काही नाही. कुणाची निंदा नाही, रडगाणं नाही, रस्ते दिवे नाहीत. जोडपत्रात वहीच्या पानांच्या झेरॉक्स आहेत.

आता माझ्या मागण्या. नवीन टाकी मागत नाही, नवीन लाईन मागत नाही, ज्याला टेंडर लागेल असं काहीच मागत नाही.

एक, टाकीच्या रजिस्टरमधले लेव्हलचे दोन्ही रकाने उद्यापासून भरा. छापलेलेच आहेत, दोन आकडे लिहायचेत.

दोन, रात्री पंप दोन तासांच्या वर बंद राहिला तर पंपिंग ऑपरेटरने टाकीवर फोन करायचा आणि त्या पहाटे सगळ्या भागांची वेळ सारखी कमी करायची. आणि महिन्यातून निदान काही दिवस क्रम उलटा करून बघा, शेवटच्या गल्लीच्या भागाला चारला सोडा, आम्ही चारला उठू, आमची तयारी आहे, गल्लीत विचारूनच लिहितेय.

तीन, गल्लीच्या तोंडाशी डांबराखाली गेलेला एअर व्हॉल्व उघडा आणि दुरुस्त करा, कोणत्या तारखेला करणार ते लेखी कळवा. जागेचा फोटो अर्जाला जोडलाय.

चार, डायरेक्ट मोटरींवर कारवाई करा, सगळीकडे, आमची गल्ली धरून. पाण्याच्या वेळेत अर्धा तास त्या लाईनवरची वीज बंद ठेवली की कुठे मोटरी आहेत ते नळावरच दिसतं, वीज मंडळाशी बोलून हे करता येण्यासारखं आहे. यात माझ्या ओळखीचे दुखावतील, दुखावू देत.

पाच, ज्या दिवशी पाणी पोचलं नाही त्याच्या दुसऱ्या दिवशी टँकर द्या, पैसे न घेता, आणि आदल्या रात्रीच कळत असेल तर मेसेज करा. पाणीपट्टी मागायचे मेसेज आमच्या मोबाईलवर बरोबर येतात म्हणजे नंबर तुमच्याकडे आहेत.

सहा, आणि माझ्यासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं, तक्रार करणाऱ्याला फोन करून "आलं का पाणी" असं विचारल्याशिवाय तक्रार निकाली काढू नका. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने 2008 मध्ये शहरांच्या पाणीपुरवठ्यासाठी जे मापदंड ठरवले त्यात तक्रार निवारण 80 टक्के असावं असं लक्ष्य आहे. तुमच्या हिशोबात माझ्या चारही तक्रारी निवारण झालेल्यात धरल्या जात असतील. माझ्या घरात एकही झालेली नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये पाणी हक्क समितीच्या केसमध्ये सांगितलंय की अनधिकृत झोपडीत राहणाऱ्याला सुद्धा पाणी नाकारता येत नाही, कारण ते जगण्याच्या हक्कात येतं. आम्ही तर नळजोड घेतलेले, पट्टी भरलेले लोक आहोत. कोर्टात जायची माझी इच्छा नाही आणि ऐपत पण नाही. मी 30 दिवस वाट बघणार आहे, तोपर्यंत वही चालू राहील. लेखी उत्तर नाही आलं तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिनात वही घेऊन येईन, त्याचा अर्ज आधी द्यावा लागतो तो भरून ठेवलाय. आणि तुमच्यापैकी कोणी त्याआधी स्वतः यायचं ठरवलं तर फार बरं होईल. सहाच्या आत या, कुठलाही पाण्याचा दिवस चालेल, न सांगता आलात तरी चालेल. बादली आणि नळी नळापाशीच ठेवलेली असते, तुमच्या हाताने मोजा आणि वहीत तुमच्या अक्षरात लिहा.

आपली विश्वासू,
शेवटच्या गल्लीतली एक पाणीपट्टीधारक

ता. क. काल परत पाण्याचा दिवस होता. 6:35 ला आलं, 6:52 ला गेलं. बादलीला 3 मिनिटं 55 सेकंद. लिहून ठेवलंय.